सायकलला कारची धडक : पोलिसांना द्यायचा लेखी जबाब एकदा वाचून सांगाल का?

औसारोडकर
नमस्कार मंडळी. मी लातूरचा, वय ४७, रोज पहाटे सायकल चालवतो. मागच्या गुरुवारी सकाळी रिंग रोडजवळच्या चौकात एका कारने मला उडवलं. डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलंय, गुडघ्याला सहा टाके आहेत. रविवारी दवाखान्यातून घरी आलो. दवाखान्याने पोलिसांना कळवलं होतं. हवालदार येऊन गेले, पण मी गोळ्यांच्या गुंगीत होतो, म्हणून "बरं वाटलं की ठाण्यात या, सविस्तर जबाब घेऊ" असं सांगून गेले. परवा जायचं आहे. तिथे गडबडायला नको म्हणून घरूनच लिहून न्यावं म्हटलं. उजव्या हाताने लिहिता येतं एवढं बरं. मसुदा असा :

"मी दररोज सकाळी सायकल चालवतो. घटनेच्या दिवशी सकाळी सुमारे ६.२० वाजता औसा रोडने शहराकडे येत असताना चौकात सिग्नल हिरवा असल्याने मी सरळ जात होतो. तेवढ्यात एका पांढऱ्या कारने अंदाजे ८०च्या भरधाव वेगाने येऊन मला मागून जोराची धडक दिली. कारचालक मोबाईलवर बोलत असावा. मी रस्त्यावर पडून बेशुद्ध झालो. माझ्या डाव्या खांद्याचे हाड मोडले आहे. तरी कारचालकावर कडक कारवाई व्हावी ही विनंती."

एवढं पुरे आहे का? काही राहिलंय का?

उदगीरचा_गणेश
सर, लई वाईट झालं. आधी खांदा सांभाळा, जबाब काय होईलच. त्या चौकात माझा मामेभाऊ पण दोन वर्षांखाली पडला होता.

तुळजाईपुत्र
उशीर केलात. २४ तासांत एफआयआर झाला नाही तर केस जाते. आता कोर्टातून आदेश आणावा लागेल. आणि मसुद्यात कलम २७९ आणि ३३८ लिहाच, नाहीतर पोलीस एनसी करून सोडून देतात.

जालन्याची_सुलभा
माझ्या मुलाची सायकल सोसायटीतून चोरीला गेली तेव्हा पावती मागितली होती, ती नव्हती म्हणून विमा मिळाला नाही. तुमच्याकडे सायकलची पावती आहे ना? विमा कंपनीला आधी कळवा.

औसारोडकर
सुलभाताई, सायकल चोरीला गेलेली नाही आणि माझा विमाही नाही. प्रश्न पोलिसांना द्यायच्या जबाबाचा आहे. तुळजाईपुत्र, तुमचं वाचून पोटात गोळा आला. खरंच केस गेली का?

माजी_ठाणे_अंमलदार
कुठेही गेलेली नाही. २४ तासांची अशी मुदत कायद्यात नाही. उशीर झाला तर तो का झाला हे जबाबातच एका वाक्यात सांगायचं : अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत दवाखान्यात दाखल होतो, म्हणून आज तक्रार देत आहे. दवाखान्याने कळवलेलं आहे, म्हणजे कागद आधीच हललेला आहे.

कलमं तर तुम्ही लिहूच नका. २७९ आणि ३३८ जुन्या संहितेतली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. बेदरकार वाहन चालवण्याला २८१, आणि हाड मोडलंय म्हणजे गंभीर दुखापत, त्याला १२५ (ब). पण ते लावणं ठाण्याचं काम. तुमचं काम एकच, काय घडलं ते सांगणं.

आता मसुद्याबद्दल. मी खात्यात ३२ वर्षं काढली, असे शेकडो जबाब लिहून घेतले. रागावू नका, पण तुमच्या मसुद्यात घटना कुठेच दिसत नाही. "भरधाव", "जोराची", "तेवढ्यात" हे शब्द आम्ही लेखनिक वापरतो तसे आहेत. मला दोनच गोष्टींची उत्तरं द्या. धडकेच्या आधी ती कार तुम्हाला दिसली होती का? आणि धडकेनंतर ती कुठल्या तोंडाने उभी होती?

औसारोडकर
दिसली होती. चौकाच्या अलीकडे एक रसवंती आहे, सध्या बंद असते. तिच्यासमोर असताना ती माझ्या उजवीकडून पुढे गेली. मी म्हटलं, गेली सरळ. मग चौकात शिरलो आणि एकदम माझ्यासमोर पांढरं दारच आलं. त्यापुढचं आठवत नाही. कार डावीकडच्या रस्त्याला तोंड करून उभी होती असं चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं.

माजी_ठाणे_अंमलदार
मग मागून धडक कुठे आहे यात? कार मागून आली, पण धडक मागून बसली नाही. तुम्हाला ओलांडून पुढे गेली आणि तुमच्या आडवी डावीकडे वळली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बोलण्यात "मागून येऊन ठोकलं" असं सहज येतं आणि लिहिताना त्याचं "मागून धडक दिली" होतं. मी हे इतक्यांदा पाहिलंय की सांगता सोय नाही.

दाव्यांचा_वकील
अंमलदार साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. मी नांदेडला मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, तिकडून काय होतं ते सांगतो.

तुमच्या जबाबात "मागून धडक" आलं. पंचनाम्यात सायकलचं मागचं चाक, मडगार्ड, मागचा दिवा सगळं शाबूत आणि पुढचं चाक वाकडं. कारचा पुढचा बंपर शाबूत, पोचा डाव्या दारावर. आता विमा कंपनीचा वकील उभा राहून एवढंच विचारील : मागून धडक बसली तर मागचं चाक कसं शाबूत? आणि दारावर पोचा आहे याचा अर्थ कार पुढे होती, तुम्हीच जाऊन तिच्या कुशीत धडकलात. खरी घटना पूर्ण तुमच्या बाजूची आहे, पण तुमच्याच सहीच्या कागदाने ती उलटी दिसते. मग चूक तुमचीही होती म्हणत भरपाईतून काही हिस्सा कापायला जागा मिळते.

उलट "कार मला उजवीकडून ओलांडून गेली आणि माझ्यासमोर डावीकडे वळली" एवढं एक वाक्य असेल, तर दारावरचा तोच पोचा तुमचा साक्षीदार होतो. तुम्ही डाव्या खांद्यावर पडलात तेही जुळतं, कारण रेटा उजवीकडून आला.

संभाजीनगर_पॅडलर
आम्हा सायकलवाल्यांना बसणाऱ्या धडकांत हा प्रकार ठरलेला. गाडीवाल्याला वाटतं सायकल म्हणजे उभीच आहे. तो पुढे काढतो आणि लगेच डावीकडे घेतो, पण तुम्ही २०-२२ने येत असता, तेवढ्या वेळात त्याच्या दाराशी पोचता.

दादा, सायकल आत्ता कुठंय? दुरुस्तीला दिली नाही ना?

औसारोडकर
अरे देवा. मेव्हण्याने शुक्रवारीच दुकानात टाकली. आत्ता फोन करतो.

औसारोडकर
वाचलो. कारागिराला चाकाची रिम मिळाली नव्हती म्हणून काम सुरूच केलं नव्हतं. हात लावू नकोस म्हणून सांगितलं आणि मेव्हण्याला फोटो काढायला पाठवलं. पुढचं चाक दुमडून पापडासारखं झालंय. उजव्या ब्रेकच्या मुठीचं रबर फाटलंय आणि त्या फटीत पांढऱ्या रंगाची बारीक साल अडकलीय. उजव्या पेडलवर पण पांढरा ओरखडा आहे. मागचं चाक हाताने फिरवलं तर सुरळीत फिरतंय.

संभाजीनगर_पॅडलर
ती साल नखानेसुद्धा काढू नका. सायकल तशीच ठाण्यात दाखवा किंवा दुकानात पंचनामा करायला सांगा.

माजी_ठाणे_अंमलदार
बरोबर. तपासी अंमलदाराला सांगा, ते सायकल पाहून पंचनाम्यात घेतील. आणि घटनास्थळ दाखवायला तुम्ही किंवा टपरीवाला गेलात तर रसवंती, झेब्रा पट्टा, खांब अशा हलत नाहीत त्या वस्तू दाखवा. जबाबातही मीटर सांगू नका. "रसवंतीसमोर कार पुढे गेली" हे कुणीही जाऊन मोजू शकतो. "१५ मीटरवर" म्हणालात की उद्या टेपने २५ भरतात आणि तुम्ही खोटे ठरता.

आता दुसरी शंका. सकाळी ६.२०ला तिथला सिग्नल हिरवा होता, नक्की?

औसारोडकर
हो... म्हणजे मी थांबलो नव्हतो, म्हणजे हिरवाच असणार.

उदगीरचा_गणेश
सर, मी पहाटेच्या एसटीने त्याच चौकातून येतो. त्या वेळी सिग्नल चालू नसतो हो, नुसता पिवळा लुकलुकत असतो. सात-साडेसातनंतर चालू होतो. माझ्या नजरेत तरी तसंच आहे.

औसारोडकर
गणेश, वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. बरोबर आहे तुझं. पिवळाच असतो. मी "थांबलो नाही, म्हणजे हिरवा" असं मनात जुळवून घेतलं आणि नंतर तो हिरवा मला डोळ्यांसमोर दिसायलाही लागला होता. शपथेवर सांगितलं असतं.

दाव्यांचा_वकील
खोटं बोलणारे फार थोडे असतात, जुळवून घेणारे खूप. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला विचारा : हे मी पाहिलं, की मला कुणी सांगितलं, की मला वाटतंय? पाहिलं ते सरळ लिहा. ऐकलं ते कुणाकडून ऐकलं ते लिहा. वाटतंय ते काढून टाका. ८०चा वेग काढा. वळणारी कार ८०ने वळू शकत नाही हे कुणालाही कळतं, आणि एक गोष्ट फुगवलेली दिसली की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो. मोबाईलवर बोलत "असावा" हे पण काढा.

तुळजाईपुत्र
वेग नाही लिहिला तर निष्काळजीपणा सिद्ध कसा होणार? आमच्या गावातल्या केसमध्ये वेग लिहिला नाही म्हणून आरोपी सुटला.

माजी_ठाणे_अंमलदार
तुमच्या गावातली केस मला माहीत नाही. पण निष्काळजीपणा काही वेगातच असतो असं नाही. डाव्या बाजूला सायकल आहे हे दिसत असताना तिला ओलांडून लगेच तिच्या आडवं वळणं, हाच निष्काळजीपणा. २०च्या वेगाने केलं तरी तो आहेच.

दाव्यांचा_वकील
तुळजाईपुत्रांचा मुद्दा अगदीच सोडू नका. फौजदारी खटल्यात संशयाला जागा न राहता सिद्ध करावं लागतं, तिथे आरोपी सुटतातही. भरपाईच्या दाव्यात तेवढं काटेकोर लागत नाही, काय घडलं असण्याचा संभव जास्त आहे ते पाहतात. दोन वेगळी दारं आहेत, कागद मात्र दोन्हीकडे हाच जातो.

आणि इंडिकेटर? कारने डावीकडचा दिवा दाखवला होता का?

औसारोडकर
दाखवला नव्हता. हे मात्र मला पक्कं आठवतंय, कारण पुढे गेल्यावर मी तिच्या मागच्या दिव्यांकडेच पाहत होतो. अंधार होता, रस्त्यावरचे दिवे चालू होते. ब्रेकचे लाल दिवे एकदम लागले आणि मी पण ब्रेक दाबला. मसुद्यात हे लिहिलंच नाही मी!

दाव्यांचा_वकील
लिहा, आत्ताच. हे आज जबाबात आलं नाही आणि दोन वर्षांनी साक्षीत सांगितलंत, तर "आधी का नाही सांगितलं, आता सुधारून सांगताय" असं म्हणणार. विसरलेलं नंतर आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, पण पहिल्याच कागदावर असलेल्याला जास्त वजन.

परभणीची_मीनल
एक विचारू? दादांच्या सायकलला मागे दिवा होता का? नसेल तर तेही लिहायचं का? माझ्या भावाच्या वेळी "लाईट नव्हती" यावरच सगळं अडलं होतं.

औसारोडकर
होता, लाल, लुकलुकणारा. हेल्मेटही होतं. गंमत अशी की टपरीवाल्याने सायकल उचलून टपरीमागे ठेवली तेव्हा दिवा लुकलुकतच होता. बंद कसा करायचा ते त्याला कळेना, म्हणून त्याने त्यावर पोतं टाकलं. दुपारी मेव्हणा गेला तेव्हाही पोत्याखाली चालू होता.

माजी_ठाणे_अंमलदार
हे सोन्यासारखं आहे. टपरीवाल्याचा जबाब घ्यायला सांगा. आणि त्याला सांगा, घाबरू नकोस, साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. सही फिर्याद देणाऱ्याची. बरेच लोक "सही नको बाबा" म्हणूनच मागे सरतात.

मीनलताई, दिवा नसता तरी ते लपवू नये असं माझं मत. विचारलं तर खरं सांगायचं. आपणहून लिहायचं का, यावर मात्र वकील मंडळींचं मत वेगळं असेल.

दाव्यांचा_वकील
वेगळं आहे. पण इथे तो प्रश्नच उरला नाही, म्हणून भांडत नाही.

जालन्याची_सुलभा
मी मगाशी चुकीचं समजले, माफ करा. पण एक सुचतंय. समोर पेट्रोल पंप किंवा दुकान असेल तर त्यांचा कॅमेरा बघा. आमच्या चोरीच्या वेळी आम्ही तीन आठवड्यांनी गेलो आणि तोवर जुनं पुसून त्यावर नवीन चढलं होतं.

माजी_ठाणे_अंमलदार
सुलभाताई, आज धाग्यावरची सगळ्यात घाईची सूचना हीच आहे. औसारोडकर, परवापर्यंत थांबू नका. पंपाचं नाव घालून, घटनेची तारीख आणि ६ ते ६.४५ ही वेळ टाकून ठाण्याला साधा अर्ज आजच द्या, पोच घ्या. पंपवाला तुम्हाला चित्रण देणार नाही, पण "जपून ठेवा" एवढं सांगायला मेव्हण्याला पाठवा.

औसारोडकर
अर्ज दिला, पोच घेतली. पंपाच्या मॅनेजरने चित्रण आहे म्हणून सांगितलं, दाखवलं नाही.

आता एक अवघड गोष्ट. कारवाला पळून गेलेला नाही. त्यानेच मला त्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वय असेल पंचविशीचं. काल त्याचे वडील घरी आले होते, हातात फळांची पिशवी. "मुलाची नोकरी नवीन आहे, केस करू नका, दवाखान्याचा खर्च आम्ही देतो" म्हणाले. बायको म्हणते मिटवा. मला रात्री झोप नाही.

उदगीरचा_गणेश
सर, माणसं चांगली असतील तर मिटवा की. कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार?

परभणीची_मीनल
माझ्या भावाने मिटवलं होतं, २० हजारांत. आठ महिन्यांनी हाडातली पट्टी काढायचं दुसरं ऑपरेशन निघालं. तेव्हा फोन उचलला नाही कुणी.

दाव्यांचा_वकील
मिटवायचं की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमच्या घरचं. फक्त एक गैरसमज दूर करतो. भरपाई त्या मुलाच्या खिशातून जात नाही, गाडीचा विमा चालू असेल तर विमा कंपनी देते, तो विमा त्यासाठीच सक्तीचा आहे. विमा नसेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पॉलिसी कुठवर आहे ते आधी पाहा. दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा हेही लक्षात ठेवा. आणि तो तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेला हे जबाबात जरूर लिहा. ते खरं आहे, आणि त्याच्या बाजूचं आहे.

माजी_ठाणे_अंमलदार
याच्याशी पूर्ण सहमत. खरं लिहिलं म्हणजे कुणावर सूड उगवला असं होत नाही.

औसारोडकर
जाऊन आलो. दीड तास लागला. कालचा दिवस खर्चून पुन्हा लिहिलं होतं ते असं :

"मी औसा रोडने दक्षिणेकडून उत्तरेकडे, रस्त्याच्या डाव्या कडेने सायकलवर शहराकडे येत होतो. वेळ सकाळी सुमारे ६.२०. अंधार होता, रस्त्यावरचे दिवे चालू होते. माझ्या सायकलचा पुढचा व मागचा दिवा चालू होता, डोक्यावर हेल्मेट होते. चौकातील सिग्नलचा पिवळा दिवा लुकलुकत होता. चौकाच्या अलीकडे असलेल्या बंद रसवंतीसमोर एक पांढरी कार माझ्या उजव्या बाजूने मला ओलांडून पुढे गेली. तिने डावीकडे वळण्याचा इशारा दिला नाही. मी सरळ जात असताना कारचे ब्रेकचे दिवे लागले व कार माझ्यासमोर आडवी डावीकडे, पश्चिमेच्या रस्त्याकडे वळली. मी ब्रेक दाबला, परंतु कारची डावी बाजू माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला व उजव्या हँडलला लागली व मी डाव्या खांद्यावर पडलो. त्यानंतरचे मला आठवत नाही. कारचा क्रमांक मला चौकातील चहावाल्याने सांगितला. कारचालकानेच मला दवाखान्यात नेले असे मला नंतर समजले. गुरुवार ते रविवार दवाखान्यात दाखल असल्याने व नंतर चालता येत नसल्याने आज तक्रार देत आहे."

लेखनिक भले होते, पण संगणकावर टाइप करताना त्यांचे हात ठरलेल्या वाटेनेच जातात. वाचायला दिलं तर त्यात होतं : "आपल्या ताब्यातील कार हयगयीने व निष्काळजीपणे भरधाव वेगात चालवून पाठीमागून जोराची धडक दिली." मी म्हटलं, साहेब, "हयगयीने व निष्काळजीपणे" राहू द्या, पण "भरधाव" आणि "पाठीमागून" माझं सांगणं नाही. ते म्हणाले, "अहो, सगळ्या अपघातांत असंच लिहितात." मी टेबलावर त्यांची पेन आडवी ठेवली, खोडरबर सरळ नेऊन तिच्यावर आदळवला आणि विचारलं, यात पाठीमागून कुठे आहे? त्यांनी पेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही शब्द काढले. मग "वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" याखाली सही केली. एफआयआरची प्रत मागितली, लगेच मिळाली, पैसे लागले नाहीत.

माजी_ठाणे_अंमलदार
शाब्बास. खोडरबराची युक्ती मला ३२ वर्षांत कुणी दाखवली नाही.

तुळजाईपुत्र
माझं २४ तासांचं चुकलं होतं, मान्य. पण वेगाचं अजून पटलेलं नाही.

परभणीची_मीनल
आणि त्या मुलाच्या वडिलांचं काय ठरलं?

औसारोडकर
काल मीच फोन केला. जबाबात काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं, दवाखान्यात नेल्याच्या वाक्यासकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विम्याची तारीख बघून सांगतो." अजून फोन आलेला नाही.